आखाजीचा दुसरा दिवस

मधुमेहाच्या पेशंटनी घरी लिहिलेल्या साखरेच्या वह्या तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. जळगावातल्या एका छोट्या दवाखान्यात मी आहार सांगायला बसते. वही बहुधा नातवाची जुनी शंभरपानी असते. डावीकडे तारीख, उजवीकडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर. मी आकडे बघते, पण आधी बघते ती कोरी जागा. वैशाखात ती हमखास सापडते. आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसापर्यंत सगळं नीट लिहिलेलं असतं आणि मग आठ-दहा दिवस काहीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पट्ट्या संपल्या होत्या." कधी ते खरं असतं, साखर तपासायच्या पट्ट्या महागच आहेत. पण बऱ्याचदा डबीत पट्ट्या असतात आणि माणसाला आकडा बघायचा नसतो.

मला या कोऱ्या जागेविषयीच लिहायचं आहे. सणाला गोड खाल्लं म्हणून साखर वाढते हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. पण एका जेवणाने जेवढं बिघडतं, त्यापेक्षा जास्त त्या जेवणानंतरच्या दिवसांत बिघडतं. आणि ते दिवस कसे जातात हे त्या संध्याकाळी माणूस स्वतःशी काय बोलतो त्यावर बरंचसं ठरतं.

माझ्या पारोळ्याच्या मावशीची गोष्ट सांगते. ती घरातलीच असल्यामुळे मला आतून ठाऊक आहे, आणि लिहायला तिची परवानगी आहे. मावशीला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. शेतात राबलेली, नवरा लवकर गेल्यावर चारही पोरांना शिकवलेली, घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई. त्या आखाजीला दोन्ही लेकी माहेरी आलेल्या. घागर भरली, नैवेद्य झाला, आणि खापरावरचे मांडे करायला अख्ख्या गल्लीत मावशीसारखा हात नाही, त्यामुळे सकाळपासून चुलीपुढे तीच. दुपारी लेकींनी आग्रह केला. तिने दोन मांडे आणि वाटीभर आमरस खाल्ला. मांडे म्हणजे पुरणपोळ्याच, पण फुलक्याएवढे नसतात, कोपरापर्यंत हातावर पसरून खापरावर टाकायचे असतात, हे खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. दोन तासांनी धाकट्या लेकीने मशीन लावलं. २८६.

त्यानंतर मावशी जे म्हणाली ते लेकीने मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं: "मी अशीच शे. माले काही जमत नही. आते काय, व्हई गयं वाटोयं." वाटोळं झालंच आहे तर मग संध्याकाळी सांजोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला मांडा दुधात कुस्करून. तिसऱ्या दिवशी लेकी परत निघाल्या तेव्हा मशीन कपाटात, कपड्यांच्या खाली.

या "झालंच आहे तर"वर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. टोरोंटोचे पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी खाण्यावर कडक बंधनं घालून घेणाऱ्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अशा लोकांना प्रयोगाच्या निमित्ताने आधी काहीतरी भरपूर कॅलरीचं दिलं, की नंतर ते कमी खाण्याऐवजी जास्त खातात, असं त्यांना दिसलं. बंधन न घालणारा माणूस पोट भरलं म्हणून थांबतो. बंधन घालणाऱ्याच्या डोक्यात मात्र एक रेषा असते. ती ओलांडली की त्याच्या हिशेबात आजचा दिवस गेलेला असतो, आणि गेलेल्या दिवसाला राखायचं कशाला?

मावशीने चौथ्या दिवशी उलटं टोक गाठलं. स्वतःला शिक्षा म्हणून दिवसभर उपास केला. पण सकाळची साखरेची गोळी मात्र घेतली, कारण गोळी चुकवली तर डॉक्टर रागावतात. तिची गोळी ग्लिमेपिराइड होती. ती शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. दुपारी मावशीला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. साखर वाढल्याची शिक्षा म्हणून तिने जवळजवळ साखर उतरून पडण्याची वेळ आणली. स्वतःला कडक शिस्त लावावी असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते.

आता थोडं हिशेबाने बघू. तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एक तपासणी असते, एचबीए१सी. रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि त्या पेशी साधारण चार महिने जगतात, म्हणून मागची साखर त्यात उमटून राहते. तपासणीच्या आधी दोन दिवस उपास काढून दवाखान्यात येणारे पेशंट याच आकड्यात सापडतात. उपाशीपोटीची साखर १२० येते आणि एचबीए१सी मात्र चढलेलं, साडेनऊ टक्के. या सरासरीत एका दुपारच्या दोन मांड्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो. मावशीने संध्याकाळी नेहमीची कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली असती, तर ती दुपार आकड्यात शोधूनही सापडली नसती. सापडले ते पुढचे दहा दिवस.

घरातल्यांनी यावर दोन उपाय केले आणि दोन्ही आपल्याकडे घरोघरी होतात. थोरल्या मुलाने झापलं: "तुला कळत कसं नाही, पाय कापायची वेळ आणायची आहे का?" धाकट्याने उलट केलं. "आई, तू किती खंबीर आहेस! एकटीने आम्हाला वाढवलंस, तुला साखर काय जड आहे?" पहिल्याचं वागणं चुकीचं हे कुणीही सांगेल. पण दुसऱ्याचं? ऐकायला ते गोडच आहे. आत्मसन्मान वाढवा, माणूस आपोआप सुधारेल, हा विचार गेल्या काही दशकांत शाळांपासून व्याख्यानांपर्यंत सगळीकडे पसरला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर १९८० च्या दशकात त्यासाठी सरकारी समितीच नेमली होती. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचा सगळा पुरावा पुन्हा तपासला. आत्मसन्मान जास्त असलेली माणसं जास्त आनंदी असतात आणि स्वतःहून पुढाकार घेतात, हे खरं निघालं. पण आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास किंवा काम सुधारतं, याला फारसा आधार मिळाला नाही.

मावशीच्या बाबतीत हे कसं घडलं ते मी बघत होते. मुलाच्या बोलण्याने ती दोन दिवस खुलली. पण आता साखरेचा आकडा ही तिच्या खंबीरपणाची परीक्षा झाली. १४० आला तर मी खंबीर. २४० आला तर? तर मग मुलाचं म्हणणं खोटं ठरतं. अशा वेळी आकडा न बघणंच शहाणपणाचं वाटतं. दुसरी गोष्ट मला दवाखान्याच्या बाकावर दिसली. मावशी शेजारी बसलेल्या जाऊबाईंना हळूच विचारते, "तुनी कितली उनी वं?" त्यांनी ३१० सांगितलं आणि मावशीच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटका दिसली. आत्मसन्मान असा शेजाऱ्याच्या आकड्यावर जगतो. त्याला कुणीतरी आपल्यापेक्षा खाली लागतं. जाऊबाईंचे ३१० मावशीच्या २४० मधून एकही कमी करत नाहीत, पण तेवढ्यापुरती आग विझवतात, आणि विझलेल्या आगीवर माणूस काही करत नाही.

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये झापणं आणि आत्मसन्मान वाढवणं या दोहोंपेक्षा वेगळी एक भूमिका मांडली. आपण चांगले की वाईट हा निकाल न लावता, चुकलेल्या जिवलग माणसाशी आपण जसं वागतो तसं स्वतःशी वागणं. त्यांनी तिचे तीन भाग केले. जे झालं ते आहे त्याच मापात बघणं. हे फक्त आपल्यालाच होतं असं न मानता, माणसाला होतं असं मानणं. आणि स्वतःशी बोलताना आवाज मऊ ठेवणं. याला आपण आत्मकरुणा म्हणू. या तिघांपैकी तिसरा भाग लोकांच्या लगेच लक्षात येतो आणि त्यावरच टीका होते: लाड करताय. माझ्या मते खरं काम पहिले दोन करतात.

फरक किती बारीक आहे हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगात दिसतं. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड चाचणी दिली. ती बहुतेकांना जड गेली. मग एका गटाला सांगितलं की ही चाचणी अनेकांना अवघड जाते, वाईट वाटलं असेल तर स्वतःवर फार कडक होऊ नका. दुसऱ्या गटाला सांगितलं की वाईट वाटून घेऊ नका, बर्कलीत प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच असणार. तिसऱ्याला काहीच नाही. नंतर दुसऱ्या चाचणीसाठी हवा तेवढा वेळ अभ्यास करायची मुभा दिली. पहिल्या गटाने सगळ्यांत जास्त वेळ अभ्यास केला. दोन्ही वाक्यं प्रेमाचीच आहेत. पण "तुम्ही हुशारच" म्हटलं की पडलेला पेपर बाजूला सरतो. "अनेकांना जड जातं" म्हटलं की पेपर समोर राहतो, फक्त त्याची भीती कमी होते. धाकट्या मुलाचं "तू खंबीर" हे "तुम्ही हुशारच" या प्रकारातलं होतं.

खाण्याच्या बाबतीत तर अगदी मांड्यांच्या जवळचा प्रयोग आहे. २००७ मध्ये क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी तरुण मुलींना डोनट खायला दिलं. नंतर त्यातल्या काही जणींना प्रयोग घेणारी बाई सहज बोलल्यासारखं म्हणाली की बऱ्याच मुलींना हे खाऊन वाईट वाटतं, पण असं सगळेच कधी ना कधी खातात, तेव्हा स्वतःला बोल लावू नका. मग चव बघायच्या निमित्ताने गोळ्या-चॉकलेटं समोर ठेवली. खाण्यावर कडक बंधनं घालणाऱ्या ज्या मुलींनी हे वाक्य ऐकलं होतं, त्यांनी ते न ऐकलेल्या तशाच मुलींपेक्षा कमी गोड खाल्लं. मऊ बोललं की माणूस मोकाट सुटेल ही आपली पक्की समजूत आहे, म्हणून मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो.

असं का होत असावं? इंग्लंडचे पॉल गिल्बर्ट यांनी लाजेने आणि स्वतःवरच्या टीकेने खचलेल्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती उभी केली. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या मेंदूत धोक्याला तोंड देणारी एक यंत्रणा आहे आणि धीर देणारी वेगळी. कुणी अंगावर आलं की पहिली जागी होते: पळ, लप, नाहीतर लढ. आपणच आपल्या अंगावर धावून गेलो तरी तीच जागी होते. मावशीने मशीन कपड्यांखाली ठेवलं ते आळसाने नव्हे. लपणं हेच त्या यंत्रणेचं काम आहे. आणि आहार बदलायला जे लागतं, म्हणजे आकडा लिहिणं, कशाने किती वाढली ते ताडून बघणं, उद्याचं ठरवणं, ते घाबरलेल्या डोक्याला जमत नाही.

मावशीबरोबर मी जे केलं ते फार थोडं होतं. तिला मी वही घेऊन समोर बसवलं आणि म्हटलं, "मावशी, आखाजीच्या दिवसाचं एक वाक्य लिही. पण त्यात स्वतःबद्दल काही लिहायचं नाही, फक्त काय झालं ते." तिने सांगितलं, मी लिहिलं: दुपारी दोन मांडे, वाटीभर रस, दोन तासांनी २८६. एवढंच. "वाटोयं" या शब्दाला वहीत जागा नाही. मग मी तिला विचारलं, हेच जेवण जाऊबाईंनी खाल्लं असतं तर त्यांची किती आली असती? ती हसली. गहू, गूळ, आंबा. मधुमेह असलेल्या कुणाच्याही रक्तात याने साखर चढणारच. चढली ती पुरणाने, तिच्या स्वभावाने नव्हे.

तिसरा प्रश्न अवघड गेला. "तुझ्या लेकीला उद्या साखर निघाली आणि ती अशी रडत आली, तर तू तिला काय म्हणशील?" मावशी लगेच म्हणाली, "म्हणेन, खाल्लं तर खाल्लं, आता रात्री भाकरी खा आणि जरा चक्कर मारून ये." मग म्हटलं, हेच स्वतःला म्हण. तिला म्हणता येईना. डोळे भरून आले, आणि थोडी चिडलीही. असं पुष्कळांचं होतं, विशेषतः ज्यांना आयुष्यात मऊ बोलणं फारसं वाट्याला आलेलं नाही. अशा वेळी आग्रह धरू नये. पहिली दोन वाक्यं जमली तरी बरंच काम होतं. मावशीला तिसरं जमायला पावसाळा उजाडला.

लेकीला दिलेल्या तिच्या उत्तरात एक गोष्ट बघा: सुटकाही आहे आणि कामही आहे. "खाल्लं तर खाल्लं" आणि लगेच "रात्री भाकरी, आणि चक्कर." करुणा कुठे आहे आणि सबब कुठे, हे ओळखायला मी हेच वापरते. वाक्य जर पहिल्या अर्ध्यावर थांबलं, तर संशय घ्यावा. आणि वही बघावी. स्वतःशी खरोखर मऊ झालेला माणूस वाईट आकडाही लिहितो, कारण आता त्याला त्या आकड्याची भीती उरलेली नसते. सबब सांगणाऱ्याची वही कोरीच राहते. मावशीच्या वहीत गणपतीच्या दिवसांत २३२ आणि २५४ लिहिलेले आहेत, तिच्याच वाकड्या अक्षरात. मला त्या दोन आकड्यांचा १३० पेक्षा जास्त आनंद झाला.

हे फक्त एका मावशीचं नाही. न्यूझीलंडमध्ये अॅना फ्रिस आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाचे ६३ रुग्ण घेतले, काही टाइप १ चे, काही टाइप २ चे. निम्म्यांना आठ आठवडे आत्मकरुणेचा अभ्यासवर्ग दिला, बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत ठेवलं. २०१६ मध्ये निकाल छापून आले. वर्गात गेलेल्यांची उदासी आणि आजाराचा ताण कमी झाला, आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत एचबीए१सी जवळजवळ एक टक्क्याने उतरलेलं होतं. एक टक्का म्हणजे थोडं नव्हे. काही गोळ्यांचा परिणामही साधारण तेवढाच असतो. पण माणसं थोडी होती, आणि दुसऱ्या गटाला त्या काळात दुसरं काहीच मिळालेलं नव्हतं. आठवड्याला एकत्र बसण्याचा, कुणीतरी ऐकून घेण्याचा वाटा त्यात किती, हे यातून वेगळं काढता येत नाही. म्हणून मी कुणाला गोळी सोडून हे करा असं कधीच सांगत नाही. मावशीचं एचबीए१सी ९.४ वरून ८.३ वर आलं, पण त्याच दरम्यान डॉक्टरांनी तिची गोळीही बदलली. उपास आणि घाम यांची हकीकत तिने पहिल्यांदाच त्यांना खरी सांगितली, म्हणून बदलली. आता श्रेय कुणाचं, गोळीचं की खरं सांगण्याचं?

आणि ही गोष्ट सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. आमच्याकडे मावशीचे दीर येतात. त्यांचीही साखर वाढलेली. आखाजीला पत्त्यांच्या फडावर बसले की चहावर चहा, सोबत फरसाण, आणि वर हसून म्हणतात, "आपण जिवाला त्रास करून घेत नाही." त्यांना मी स्वतःशी मऊ बोला म्हणून कशाला सांगू? लेवी बेकर आणि जेम्स मॅकनल्टी यांनी २०११ मध्ये विवाहित जोडप्यांचा अभ्यास केला. मुळात जबाबदारीने वागणाऱ्या पुरुषांमध्ये आत्मकरुणा जास्त असेल, तर ते नात्यातली चूक सुधारायला जास्त धडपडतात, असं त्यांना दिसलं. जबाबदारीची सवयच नसलेल्या पुरुषांमध्ये मात्र उलट दिसलं. बायकांमध्ये ही उलटापालट आढळली नाही. अभ्यास नात्यांवरचा आहे, साखरेवरचा नाही, पण मला तो दिरांपुढे बसलं की आठवतो. मावशीला फटके आधीच जास्त पडलेले होते, म्हणून तिला मलम कामी आलं. दिरांना आधी वही लागेल. मी त्यांना पहिल्या भागापुरतं धरलं आहे: काय खाल्लं ते लिहा, दोन तासांनी आकडा लिहा, माझं काही म्हणणं नाही. सध्या ते चहाचे कप लिहितात, फरसाण लिहीत नाहीत.